भाताचं वेळापत्रक आणि भटारखान्याची वही

दसरा उलटला की भोर-वेल्ह्याच्या खाचरांमधलं पाणी आटतं, इंद्रायणीच्या लोंब्या पिवळ्या पडतात आणि घराघरांत विळ्यांना धार लावली जाते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत शिवार मोकळं होतं. खाचराच्या बांधात पावसाळाभर बीळ करून राहिलेल्या, लोंब्या कुरतडून बिळात ओढून नेणाऱ्या उंदराचं मात्र घर आणि कोठार एकाच वेळी जातं. तो आधी पेंढ्याच्या गंजीत शिरतो, मग गोठ्यात आणि मग जिथे रोज रात्री तेलाचा, भाताचा, सुकटाचा वास येतो तिथे, म्हणजे रस्त्याकडेच्या हॉटेलात.

नेमकी तेव्हाच दिवाळीची सुट्टी असते. तोरणा-राजगडाला येणारी माणसं मार्गासनी, विंझर, वेल्ह्याला थांबतात, भाटघर आणि नीरा देवघरच्या बाजूला जाणारी भोरमध्ये जेवतात. वर्षातला दुसरा असाच काळ जूनचा. पहिले मोठे पाऊस पडले की बिळांत पाणी भरतं, गटारं तुंबतात, उंदीर, झुरळं आणि चिचुंद्र्या कोरडी जागा शोधत वर येतात. आणि त्याच शनिवार-रविवारी मढे घाटाचे धबधबे, वरंध घाटातलं धुकं पाहायला पुण्याहून गाड्यांची रांग लागलेली असते. आपल्याकडे किडींचे आणि गिऱ्हाइकांचे हंगाम असे एकमेकांवर येतात. म्हणून शहरातल्या हॉटेलाला दिलेलं ‘दर महिन्याला एक फवारणी’ हे ठरावीक वेळापत्रक इथे कमी पडतं. इथली कामं भाताच्या आणि पावसाच्या तारखांना बांधून घ्यावी लागतात.

बहुतेक ठिकाणी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणा गिऱ्हाइकाच्या टेबलावर झुरळ दिसतं, मालक फोन फिरवतो, पाठीवर पंप घेतलेला माणूस येतो, वास येईल असं काहीतरी मारून जातो. आठ दिवस बरं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात झुरळं परत दिसतात आणि औषधात दम नव्हता असा निष्कर्ष निघतो. औषध चांगलंही असेल. काम उलट्या टोकाने सुरू झालेलं असतं. आधी वाटा बंद करायच्या, मग खाणं-पाणी काढून घ्यायचं, आणि त्यानंतर उरतील तेवढ्यांसाठी औषध. हा क्रम पाळला तर औषध फार थोडं लागतं. आणि क्रम पाळला जातोय का हे कळायला एक वही लागते.

समजायला सोपं जावं म्हणून एक हॉटेल मनात उभं करू. मार्गासनीहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ टेबलांचं. पुढे शेड, मागे भटारखाना, त्याला लागून दहा बाय आठची सामानाची खोली. भिंती विटांच्या, वर पत्रा. मागच्या दारी भाकरीची चूल, सरपणाचा ढीग, मोरी, आणि मोरीच्या पलीकडे दहा पावलांवर भाताचं खाचर. अशी हॉटेलं या दोन्ही तालुक्यांत कितीतरी आहेत.

रात्री साडेदहाला, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, दिवे बंद करून अर्धा तास थांबायचं आणि मग हातात विजेरी घेऊन आत जायचं. दिवसा काही दिसत नाही. विजेरी वरून मारायची नाही. ती भिंतीला जवळजवळ टेकवून, जमिनीला समांतर धरायची. म्हणजे फरशीवरची लेंडीसुद्धा लांब सावली टाकते. उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतो, त्याच त्याच वाटेने, आणि त्याच्या अंगाचा तेलकट मळ त्या वाटेला लागतो. पाइपाजवळ, वाशावर, पत्र्याच्या खालच्या कडेला काळपट, बोट फिरवलं तर चिकट लागेल असा पट्टा दिसला की ती वाट चालू आहे असं समजावं.

लेंड्या वाचायला शिकलं पाहिजे. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या, टोकदार, विखुरलेल्या असतील तर घरातला लहान उंदीर. अर्ध्या इंचाहून मोठ्या असतील तर मोठा उंदीर. मिरीची भरड सांडावी तसे काळे कण कपाटाच्या सांध्यात किंवा बिजागरीजवळ दिसले तर ती झुरळांची विष्ठा, आणि घर तिथून हातभर अंतरावर आहे. ताजी लेंडी काळी, चकचकीत आणि मऊ असते. जुनी करडी पडते, दाबली की भुगा होतो. हा फरक कळला नाही तर सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या उंदरामागे माणूस आज विष ठेवत बसतो. लेंड्या कधीही कोरड्या झाडू नयेत. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात तो आपल्या भागात अगदी ओळखीचा आजार आहे. हातमोजे घालून, ब्लीचिंगच्या पाण्याने जागा भिजवून, दहा मिनिटांनी कागदाने उचलायचं.

वाट नक्की कुठली हे कळत नसेल तर एक साधा उपाय आहे. भिंतीच्या कडेला हातभर लांबीची रांगोळीची पातळ पट्टी पसरायची आणि सकाळी बघायचं. पावलांचे ठसे, त्यांच्या मधोमध शेपटीची रेघ, आणि मुख्य म्हणजे दिशा, सगळं त्यात उमटतं. मागच्या दारी बिळं असतील तर संध्याकाळी ती सगळी ओल्या मातीने लिंपायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं. दहा लिंपली आणि तीन उघडली तर राहती बिळं तीन. भातशेतीत उंदरांचा बंदोबस्त करताना हेच करतात. आपल्या हॉटेलात काम करणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांनी ते घरी केलेलंही असतं.

आता वाटा बुजवण्याचं काम. यात दोन मापं लक्षात ठेवली की पुरे. लहान उंदराला सहा मिलिमीटरची, म्हणजे पाव इंचाची फट पुरते. मोठ्या उंदराचं पिल्लू साधारण अर्ध्या इंचातून आत येतं. दाराखालून शिसपेन्सिल सरकली तर उंदीर सरकेल, एवढी सोपी परीक्षा. आपल्या या हॉटेलात पेन्सिल घेऊन फिरलं तर तीन जागा हमखास सापडतील.

पहिली जागा पत्र्याची. भिंत जिथे संपते आणि पन्हाळीचा पत्रा तिच्यावर टेकतो, तिथे प्रत्येक पन्हाळीखाली एक अर्धगोल भोक राहतं. वीस फुटांच्या भिंतीवर अशी कितीतरी भोकं असतात आणि ती कुणी बुजवत नाही, कारण हवा खेळती राहते. घरातला काळा उंदीर चढण्यात तरबेज. वायरवरून, वेलीवरून, टेकवून ठेवलेल्या बांबूवरून तो तिथे पोचतो. ही भोकं फोमने भरू नयेत, उंदीर फोम एका रात्रीत कुरतडतो. पाव इंची वेल्डेड जाळी कापून, पन्हाळीच्या आकारात दाबून, कडा सिमेंटमध्ये बसवायच्या. हवा येत राहते, उंदीर येत नाही.

दुसरी जागा पाइपांची. गॅसची नळी, पाण्याचा पाइप, मोरीचा पाइप भिंतीतून जातो तिथे गवंड्याने पाडलेलं भोक पाइपाच्या दुप्पट असतं. त्यात लोखंडी तारेचा बोळा कोंबायचा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडच्या पावसात तो बोळा एका हंगामात गंजून भुगा होतो. त्याऐवजी भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारघासणी घट्ट कोंबावी आणि वरून सिमेंटचा गिलावा करावा. घासणी दहा-पंधरा रुपयांची असते आणि वर्षानुवर्षं टिकते.

तिसरी जागा मागच्या दाराची. लाकडी दार खाली कुरतडलं जातं, नुसती रबरी पट्टीही कुरतडली जाते. दाराच्या खालच्या फूटभर भागाला आतून-बाहेरून गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकायचा आणि उंबऱ्याशी राहिलेली फट पेन्सिलीपेक्षा कमी करायची. याला सुतार आणि पत्रेवाला मिळून एका दिवसाचं काम. पण दार दिवसभर विटेने अडवून उघडं ठेवलं तर त्या पत्र्याचा उपयोग नाही. चुलीपाशी ये-जा असल्याने ते उघडं राहतंच, म्हणून तिथे आपोआप मिटणारं जाळीचं दुसरं दार लावावं. माश्यांसाठीही तेच कामाला येतं.

उंदरासाठी एवढं केलं तरी झुरळासाठी वेगळ्या नजरेने बघावं लागतं, कारण त्याला फट लागते पोस्टकार्डांच्या पातळशा गठ्ठ्याएवढी. भटारखान्यात दिसणारं लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन गडद रेघा असलेलं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. नाव जर्मन असलं तरी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की साधारण २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात ते एका आशियाई रानझुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या वस्तीत राहू लागलं. तेव्हापासून ते माणसाच्या घराबाहेर जगतच नाही. ते शेतातून येत नाही, गटारातूनही सहसा येत नाही. ते आपण आत आणतो. अंड्यांचे कागदी ट्रे, थंड पेयांचे क्रेट, किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके, दुसऱ्या हॉटेलातून स्वस्तात घेतलेला जुना फ्रिज, यांतून ते येतं.

पुठ्ठ्याचा खोका एकदा उभा चिरून बघावा. दोन कागदांमध्ये नागमोडी पट्टी असते आणि तिच्या प्रत्येक वळणात एक बारीक बोगदा. झुरळाच्या पिल्लाला पाठ आणि पोट दोन्ही बाजूंना टेकलेलं लागतं, तरच त्याला सुरक्षित वाटतं. तो बोगदा त्याच्याच मापाचा असतो. मादी अंड्यांची कुपी पोटाला लावून हिंडते, तीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारासच ती टाकते. म्हणजे खोक्यातून आत आलेली एक मादी पुरते. म्हणून नियम एकच: खोका उंबऱ्याच्या आत येत नाही. माल दारातच खोक्यातून काढायचा, अंडी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घ्यायची, क्रेट उलटा करून उन्हात आपटायचा, आणि रिकामे खोके त्याच दिवशी भंगारात द्यायचे. सामानाच्या खोलीत रॅकवर अंथरलेले पुठ्ठे आणि वर्तमानपत्रंही काढून टाकायची.

भटारखान्यात त्याची घरं कुठे असतात? कडाप्प्याचा ओटा आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यात. स्टीलच्या टेबलाच्या पायांच्या पोकळ नळीत, जिची खालची टोपी केव्हाच पडून गेलेली असते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या उबेला, मिक्सरच्या बुडात, विजेच्या बोर्डामागे. सांधे सिलिकॉनने किंवा व्हाइट सिमेंटने भरावेत, नळ्यांना टोप्या बसवाव्यात. एका दुपारचं काम आहे आणि त्यानंतर औषधाची गरज निम्म्याने कमी होते असा माझा अनुभव आहे.

मोठं, लालसर, उडणारं झुरळ वेगळं. ते गटारातून येतं आणि त्याची वाट मोरीच्या जाळीतून असते. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, तेच खरं झाकण. वेल्ह्याकडची बरीच हॉटेलं हंगाम सोडून फक्त शनिवार-रविवारी चालतात. उन्हाळ्यात हॉटेल बंद राहिलं की वापरात नसलेल्या ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि गटार थेट भटारखान्यात उघडतं. मालक शनिवारी कुलूप काढतो तेव्हा ओट्यावर मोठी झुरळं फिरत असतात आणि दोष फवारणीवाल्याला दिला जातो. उपाय आठवड्याला प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओतण्याचा.

साठवणीबद्दल बोलताना लोक डब्यांपासून सुरुवात करतात. मी ओल्या फडक्यापासून करतो. रात्री ओटा पुसून फडकं तसंच ओट्यावर टाकलेलं असतं. जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर काढू शकतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवड्यांत मरतं. ते ओलं फडकं, सिंकमध्ये तुंबलेलं पाणी, फ्रिजखालचा भरून वाहणारा ट्रे, ही त्याची विहीर. फडकी पिळून दोरीवर टाकायची, सिंक कोरडं पुसायचं, ट्रे रिकामा करायचा. याला पाच मिनिटं लागतात, आणि हे रोज करणारं हॉटेल मी औषधाशिवाय महिनोन्महिने स्वच्छ राहिलेलं पाहिलं आहे.

धान्याची पोती जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. सहा इंच उंचीचा लोखंडी मंच, आणि भिंतीपासून फूटभर अंतर, म्हणजे मागून झाडू आणि विजेरी दोन्ही फिरते. भिंतीच्या पायथ्याला वीतभर रुंदीचा पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारावा. त्यावर एक लेंडी पडली तरी दिसते. तांदूळ, डाळ, पीठ झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या कोठीत. प्रत्येक कोठीवर भरल्याची तारीख, आणि आधीचा माल संपल्याशिवाय वरून नवा ओतायचा नाही. तळाशी राहिलेल्या जुन्या दोन किलोंत सोंडे असतात आणि नवं पोतं त्यांच्या अंगावर पडतं.

सोंड्यांबद्दल एक गैरसमज फार आहे. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, अळी दाण्यातच वाढते. म्हणून चाळून निवडलेल्या तांदळातून महिन्याने पुन्हा सोंडे निघतात. इथे घराघरांत नवा इंद्रायणी वर्षाचा भरून ठेवायची पद्धत आहे, घरी बायका तो उन्हं दाखवून, निंबाचा पाला घालून जपतात. हॉटेलाने ते करू नये. तीन आठवडे पुरेल एवढाच तांदूळ घ्यावा, म्हणजे किडीची पिढी पुरी व्हायच्या आत कोठी रिकामी होते. आणि तांदळात बोरिक पावडर चोळणं, पोत्यांत सल्फासची गोळी टाकणं हे दोन्ही पूर्णपणे वर्ज्य. त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत तो माणसं मारतो. शेजारच्या खोलीत झोपलेला पोऱ्या सकाळी उठत नाही.

उष्ट्या-खरकट्याची बादली झाकणाची असावी आणि रोज रात्री जागेवरून हलावी. घरमाशीला अंड्यापासून उडायला उन्हाळी दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. खरकटं दर दिवशी गेलं तर अळी माशी होतच नाही. आठवड्याने गेलं तर आपण माश्या पाळतो. गुरांसाठी खरकटं नेणारा माणूस दोन दिवस आला नाही तर काय करायचं हेही ठरलेलं असावं. सरपणाचा ढीग भिंतीला लावू नये; दोन-तीन मीटर दूर, विटांवर उचलून रचावा. कापणीनंतर पेंढ्याची गंजी हॉटेलाच्या मागच्या भिंतीला लावायला शेजाऱ्याला गोडीने नाही म्हणावं, कारण त्या गंजीत उंदराच्या दोन-तीन पिढ्या होतात.

आता औषध. जर्मन झुरळासाठी जेल: इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के असं लिहिलेली पिचकारी मिळते. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके, सांध्यांत, बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मागे, जिथे काळे कण दिसले तिथेच. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा वीस बारीक ठिपके चांगले. झुरळ ते खातं, घरात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं इतर झुरळं खातात, आणि विष घरात पसरतं. याच जागी कुणी वासाचा फवारा मारला तर सगळं बिघडतं. जेलला वास लागतो, झुरळ त्याला तोंड लावत नाही, आणि फवाऱ्याने बिथरलेली झुरळं भटारखान्यातून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये जातात. जेल आणि फवारा एकाच ओट्यावर नको. कुपीतल्या अंड्यांवर जेलचा परिणाम नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात द्यावाच लागतो. आणि जेल खाल्लंच जात नसेल तर कंपनी बदलावी: १९९३ साली अमेरिकेत अशी झुरळं सापडली की ज्यांना आमिषातली ग्लुकोजची साखर कडू लागते, आणि तो गुण पिल्लांत उतरतो.

उंदरासाठी भटारखान्यात विष ठेवू नये. ब्रोमॅडिओलोनचा ०.००५ टक्क्यांचा केक खाल्लेला उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, तेही कुठे मरेल ते आपल्या हातात नसतं. पत्र्याच्या छताच्या आत मेला तर रविवारच्या गर्दीत वास सुटतो. आत सापळेच. केक फक्त बाहेर, कुलपाच्या, भिंतीला घट्ट बसवलेल्या, नंबर टाकलेल्या पेटीत, म्हणजे कुत्रं आणि पोरं त्याला हात लावू शकत नाहीत. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला चिकटून. आमिष सुकट किंवा शेंगदाण्याचं कूट. मोठा उंदीर नव्या वस्तूला चार-पाच दिवस घाबरतो, म्हणून पहिल्या तीन-चार रात्री सापळा न ताणता नुसतं आमिष ठेवायचं. ते खाल्लं जाऊ लागलं की एकाच रात्री सगळे सापळे ताणायचे.

चिचुंद्री सापडली तर धान्याला तिच्यापासून भीती नाही, ती किडे खाते. पण ती रोज येत असेल तर तिला खायला किडे आहेत असा तो निरोप आहे, आणि ती आली ती फटही आहे.

वहीकडे येतो. भटारखान्याचा हाताने काढलेला नकाशा पहिल्या पानावर. त्यावर बारा जागा, बारा नंबर: चिकट सापळे एक ते आठ झुरळांसाठी, नऊ-दहा आत उंदरांचे सापळे, अकरा-बारा बाहेरच्या पेट्या. दर मंगळवारी, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी आणि सोमवारची साफसफाई उरकल्यावर, एकाच माणसाने बारा जागा बघायच्या आणि आकडा लिहायचा. काही नसेल तर शून्य लिहायचं, रिकामी जागा सोडायची नाही. रिकाम्या जागेचा अर्थ ‘बघितलं नाही’ असाही होतो.

आपल्या हॉटेलाची ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं अशी दिसतील असं धरू. पहिल्या मंगळवारी चार नंबरवर, फ्रिजजवळ, अकरा झुरळं, त्यांतली नऊ बारीक पिल्लं. बाकी सगळीकडे शून्य किंवा एक. पिल्लं लांब जात नाहीत, म्हणजे घर फ्रिजमध्ये किंवा त्याच्या मागे. फ्रिज ओढला, मागचं पॅनेल उघडलं, तेवढ्याच जागेत जेलचे पंधरा ठिपके. दुसऱ्या मंगळवारी तीन, तिसऱ्या मंगळवारी पुन्हा पाच, सगळी अगदी नवी पिल्लं. घाबरायचं कारण नाही, कुप्या फुटल्या. जेलचा दुसरा हात. पाचव्या मंगळवारी शून्य. फवारणी सगळ्या हॉटेलात केली असती तर चार नंबरचा अर्थ कधी कळलाच नसता.

त्याच वहीत चौथ्या मंगळवारी, शेजारच्या खाचराची कापणी झाल्यावर, बारा नंबरच्या बाहेरच्या पेटीतला केक पूर्ण संपलेला, नऊ नंबरवर आमिष गायब. रांगोळीची पट्टी टाकली. ठसे मागच्या दाराकडून न येता वरून, भिंतीच्या कोपऱ्यातून उतरलेले. पत्र्याच्या तीन पन्हाळ्यांची जाळी वायर ओढताना वायरमनने काढली होती आणि परत बसवली नव्हती. ती बसवली, आतले सापळे सहा केले, पाच दिवसांत दोन उंदीर. पुढचे दोन मंगळवार आत शून्य, बाहेर पेटीत खाणं चालूच. म्हणजे शिवारात उंदीर आहेत, पण आत येत नाहीत. हेच हवं.

महिन्यातून एकदा मालकाने स्वतः रात्रीची विजेरीची फेरी मारून सही करायची. बाहेरचा कंत्राटदार येत असेल तर त्याच्या पावतीवर ‘जनरल पेस्ट कंट्रोल’ एवढंच चालवून घेऊ नये. औषधाचं नाव, त्यातला घटक आणि टक्केवारी, किती वापरलं, कुठल्या नंबरपाशी, किती वेळाने ओटा धुऊन वापरायचा, आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक. कीटकनाशक कायदा १९६८ आहे आणि व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याला त्याखाली परवाना लागतो. त्याच्या पंपातून डायक्लोरव्हॉस निघत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात ते बंद आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आणि त्याखालचे २०११ चे परवाना-नोंदणी नियम यांतल्या अनुसूची ४ मध्ये किडींपासून बचाव, जमिनीपासून उंच साठवण या गोष्टी प्रत्येक खाद्यव्यवसायाला लागू केलेल्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी तपासणीला आला तर सुधारणा नोटीस देऊ शकतो, आणि अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्याबद्दल कलम ५६ खाली दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्या वेळी कंत्राटदाराचं चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर असलं तरी अधिकारी ओट्याखाली बघतो. चार नंबरवर अकरा होती, काय केलं आणि शून्य कधी झाली हे लिहिलेलं पान हे प्रमाणपत्रापेक्षा जड असतं. शून्याने भरलेली, एकाच शाईने एकाच दिवशी लिहिलेली वही मात्र कुणालाही ओळखू येते.

वहीच्या शेवटी वर्षाचं पान. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, राब भाजून झाल्यावर आणि पाऊस यायच्या आत, पेन्सिल घेऊन सगळ्या फटी, जाळ्या आणि ट्रॅप. सिमेंट तेव्हाच सुकतं. जूनमध्ये केलेला गिलावा ओलाच राहतो. दसऱ्याच्या आठवड्यात पत्र्याच्या पन्हाळ्या आणि मागचं दार पुन्हा, आणि बाहेरच्या पेट्या दोनाच्या चार. त्या पानावर शेजारच्या खाचराचा मालक कापणी कधी काढणार ती तारीखही लिहून ठेवावी. ती त्याला विचारली की तो सांगतो.